मोबाइल डेटाचा हिशेब : दोन स्क्रीनशॉट आणि एक वजाबाकी



भाताची लावणी उरकून खाचरे हिरवी दिसू लागली की मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यापुढे आता एक नवे काम उभे राहते. ते म्हणजे खरिपाच्या ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बांधावर उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, आपल्या सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी अशी व्यवस्था झाली. या कामासाठी हातात मोबाइल फोन असावा लागतो आणि त्या फोनमध्ये त्या दिवसाचा डेटा शिल्लक असावा लागतो. पहिली गोष्ट भऱ्यासारख्या गावात आता बहुतेक घरी आहे. दुसरी मात्र ऐन वेळी नसते. संध्याकाळच्या आत डेटा संपतो आणि तो कोणी संपविला याचा पत्ता घरात कोणालाच नसतो. तो पत्ता कसा लावावा आणि मर्यादा नेमकी कोठे घालावी, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दिवसाची योजना आणि महिन्याचा पडदा

ग्रामीण भागात प्रीपेड योजना बहुधा दिवसाच्या हिशेबाने घेतल्या जातात. रोज १ जीबी, दीड जीबी अथवा २ जीबी डेटा मिळतो आणि योजनेची मुदत पुष्कळदा २८ दिवसांची असते. मध्यरात्री नवा वाटा मिळतो आणि आदल्या दिवशी उरलेला डेटा या प्रकारच्या योजनांत सहसा वाया जातो. वाटा संपल्यावर डेटा पूर्ण बंद पडतोच असे नाही. अनेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर उतरविला जातो. या आकड्याचा अर्थ असा की, एका सेकंदात जेमतेम ८ किलोबाइट मजकूर जातो. ४ एमबीचे एक छायाचित्र पाठवावयाचे झाल्यास या वेगाने सर्व काही सुरळीत चालले तरी सुमारे आठ मिनिटे लागतील. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हे डेटा बंद पडल्यासारखेच वाटते.

याउलट फोन स्वतः जो हिशेब ठेवतो तो दिवसाचा नसून बहुधा महिन्याचा असतो. अँड्रॉइड फोनमध्ये Settings उघडून Network & internet, त्यात SIMs, त्यात आपले सिम आणि त्याखाली App data usage असे गेले म्हणजे ही यादी दिसते. सॅमसंगच्या फोनमध्ये हीच यादी Settings, Connections, Data usage आणि Mobile data usage या वाटेने मिळते. वरच्या बाजूस कालावधी लिहिलेला असतो, त्याखाली एकूण आकडा असतो आणि मग ज्या ॲपने सर्वांत अधिक डेटा वापरला ते सर्वांत वर, अशा उतरत्या क्रमाने नावे असतात.

पडदा महिन्याचा आणि योजना दिवसाची, या विसंगतीतच बहुतेक घरांची फसगत होते. यादीत सर्वांत वर ज्याचे नाव दिसते त्यालाच दोषी धरले जाते, घरातील मुलाला बोलणी बसतात, ते ॲप काढून टाकले जाते आणि तरीही दोन दिवसांनी डेटा पुन्हा संध्याकाळच्या आत संपतो. महिन्याच्या यादीतील पहिले नाव आणि आज डेटा संपविणारे नाव ही एकच असतील असे मुळीच नाही.

यावरचा उपाय प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. घरातील विजेचे मीटर कधीच शून्यावर येत नाही. त्यावरचा आकडा वाढतच जातो. तरीही वीजबिल बरोबर निघते, कारण चालू वाचनातून मागील वाचन वजा केले जाते. फोनच्या बाबतीत तेच करावयाचे आहे. सकाळी त्या यादीचा एक स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचे छायाचित्र, घ्यावे. डेटा संपताच दुसरा घ्यावा आणि प्रत्येक ओळीची वजाबाकी करावी.

एका रविवारचे उदाहरण

समजा, भऱ्यातील एका घरात शाळेत शिकविणारी सून, शेती पाहणारे सासरे आणि कॉलेजात जाणारा मुलगा अशी माणसे आहेत आणि घरात रोज दीड जीबी डेटा मिळणारा एकच चांगला फोन आहे. फोनचा हिशेब महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतो. १२ तारखेला रविवार आहे. सकाळी सून शाळेच्या वृक्षलागवडीला जाऊन येते. दुपारी फोन घरी मुलाच्या हाती असतो. सायंकाळी पाच वाजता सासरे पीक पाहणीसाठी खाचराकडे जातात आणि डेटा संपल्याचे त्यांच्या लक्षात येते. सकाळी सहा वाजताचा आणि सायंकाळी पाच वाजताचा असे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर आकडे पुढीलप्रमाणे दिसतील. सर्व आकडे जीबीमध्ये आहेत.

| यादीतील ओळ | सकाळी | सायंकाळी | फरक |
|---|---|---|---|
| YouTube | ५.९ | ६.१ | ०.२ |
| Instagram | ३.२ | ३.६ | ०.४ |
| WhatsApp | २.१ | २.२ | ०.१ |
| हॉटस्पॉट | १.९ | १.९ | ० |
| Chrome | ०.९ | ०.९ | ० |
| Google Play Store | ०.७ | १.० | ०.३ |
| Google Photos | ०.४ | ०.९ | ०.५ |
| इतर | ०.३ | ०.३ | ० |
| एकूण | १५.४ | १६.९ | १.५ |

केवळ सायंकाळचा स्क्रीनशॉट पाहणारा मनुष्य यूट्यूबला दोष देईल, कारण ६.१ जीबी हा यादीतील सर्वांत मोठा आकडा आहे. परंतु फरकाचा रकाना वेगळेच सांगतो. त्या दिवशी यूट्यूबचा वाटा दीड जीबीपैकी अवघा ०.२ जीबी आहे. सर्वाधिक डेटा गेला तो यादीत बराच खाली असलेल्या गुगल फोटोजमध्ये, आणि त्याच्या जोडीला प्ले स्टोअरमध्ये. या दोघांनी मिळून ०.८ जीबी, म्हणजे दिवसाच्या वाट्यातील निम्म्याहून अधिक डेटा घेतला. आणि घरातील कोणीही त्या दिवशी ही दोन ॲपे उघडलेली नव्हती.

मग हे घडले कसे? यादीतील Google Photos या ओळीवर बोट ठेवले की त्या ॲपचा तपशील उघडतो. तेथे Foreground आणि Background असे दोन आकडे असतात. पहिला आकडा ॲप पडद्यावर उघडे असताना झालेला वापर सांगतो आणि दुसरा ते मागे चालू असतानाचा. या उदाहरणात जवळजवळ सर्व वापर दुसऱ्या आकड्यात दिसेल. सकाळी वृक्षलागवडीची छायाचित्रे आणि काही चित्रफिती काढल्या गेल्या. मोबाइल डेटावरून बॅकअप घेण्याची मुभा फोनमध्ये दिलेली होती, म्हणून त्या सर्वांच्या प्रती फोनने आपणहून इंटरनेटवर पाठविल्या. एखाद्या मिनिटाची साधी चित्रफीतसुद्धा शंभर एमबीच्या घरात जाऊ शकते. प्ले स्टोअरने त्याच दुपारी फोनमधील इतर ॲपांच्या नव्या आवृत्त्या उतरवून घेतल्या. मुलाने इन्स्टाग्राम पाहिले हे खरे, पण पीक पाहणी अडली ती केवळ त्यामुळे नव्हे.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका

वजाबाकी सोपी असली तरी वाचन चुकीचे असेल तर उत्तरही चुकते. म्हणून स्क्रीनशॉट हाती येताच प्रथम त्याचे मथळे पाहावेत. यादी मोबाइल डेटाची आहे की वाय-फायची, हे तपासावे, कारण दोन्ही पडदे दिसावयास सारखेच असतात. फोनमध्ये दोन सिम असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, म्हणून ज्या सिमचा डेटा संपतो त्याचीच यादी घ्यावी. दोन्ही स्क्रीनशॉटांवरील कालावधी एकच असावा. हिशेबाचे चक्र मध्येच बदलले असेल, तर आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि वजाबाकीला अर्थ उरत नाही.

आयफोनमध्ये एक निराळी गोष्ट आहे. तेथे Settings मधील मोबाइल डेटाच्या पानावर Current Period असे लिहिलेले असते, परंतु हा चालू काळ दर महिन्यास आपोआप नव्याने सुरू होतो असे गृहीत धरू नये. यादीच्या अगदी तळाशी Reset Statistics आहे. ते शेवटचे कधी दाबले गेले, तेव्हापासूनचा हा हिशेब असतो. दोन वर्षांत ते कोणी दाबलेच नसेल तर यादी दोन वर्षांची असते. अशा फोनवर सकाळी ते दाबून सायंकाळी आकडे पाहिले तर वजाबाकीचीही गरज राहत नाही.

काही ओळींची नावे फसवी असतात. हॉटस्पॉटची ओळ वाढलेली दिसली, तर तो डेटा या फोनने वापरलेला नसून या फोनवरून जोडलेल्या दुसऱ्या फोनने अथवा संगणकाने वापरला आहे. तो तेथे कोणत्या कामासाठी गेला हे या यादीत कळत नाही. ते त्या दुसऱ्या यंत्रावरच पाहावे लागते. काढून टाकलेल्या ॲपांचा वापर एकत्र करून निराळ्या ओळीत दाखविलेला असतो, म्हणून ॲप काढून टाकल्यावरही एकूण आकडा कमी होत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवून यूट्यूबची चित्रफीत पाहिली, तर तो वापर यूट्यूबच्या खाती जातो. गटात थेट आलेली चित्रफीत उतरविली तर तो व्हॉट्सॲपच्या खाती जातो.

शेवटी, फोनचा एकूण फरक दूरसंचार कंपनीच्या हिशेबाशी ताडून पाहावा. कंपनीच्या ॲपमध्ये दिवसाचा शिल्लक डेटा दिसतो. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळत नाहीत आणि थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. मात्र कंपनी दीड जीबी संपल्याचे सांगते आणि फोनच्या वजाबाकीत अर्धा जीबीच दिसतो असे झाले, तर प्रथम स्क्रीनशॉट दुसऱ्या सिमचा तर नाही ना, आणि सकाळचा स्क्रीनशॉट घेण्याआधी, मध्यरात्रीनंतर, बराच डेटा वापरला गेला होता का, हे पाहावे. रात्री बारानंतर पाहिलेला चित्रपट दुसऱ्या दिवसाच्या वाट्यात धरला जातो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

अमुक ॲपचा डेटा स्वस्त आणि तमुकाचा महाग, असा भेद मात्र करण्याचे कारण नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये केलेल्या विनियमांनुसार डेटातील मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई आहे. म्हणून हिशेबात प्रत्येक एमबी सारखीच धरावी.

मर्यादा कोठे घालावी

वजाबाकीने नाव पुढे आले की मर्यादा त्याच नावावर घालावी. वरील उदाहरणात प्रथम गुगल फोटोजकडे वळावे लागेल. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये Backup या भागात मोबाइल डेटाच्या वापराचा पर्याय असतो. तेथे बॅकअपसाठी मोबाइल डेटा मुळीच न वापरण्याची सूचना देता येते. त्यानंतर Google Play Store उघडून Settings, Network preferences आणि Auto-update apps असे जावे आणि आवृत्त्या केवळ वाय-फायवर उतरविण्याचा पर्याय निवडावा. या दोन बदलांनी त्या रविवारचा ०.८ जीबी वाचला असता आणि पाच वाजता निम्म्याहून अधिक वाटा शिल्लक राहिला असता.

तथापि येथे एक धोका आहे. ज्या घरी वाय-फाय नाही तेथे 'केवळ वाय-फायवर' याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. मग छायाचित्रांची दुसरी प्रत कोठेच राहत नाही आणि फोन हरवला की ती कायमची जातात. ॲपांच्या नव्या आवृत्त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात, त्याही राहून जातात. यास्तव बंदीपेक्षा वेळ बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते. रात्री अकराच्या सुमारास कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी. अर्धा जीबी उरला असेल तर तो तासाभरात वाया जाणारच आहे. अशा वेळी बॅकअपला थोडा काळ मुभा द्यावी, किंवा प्ले स्टोअरमध्ये जाऊन बँकेच्या आणि देयकांच्या ॲपांच्या आवृत्त्या स्वतः उतरवून घ्याव्यात आणि झोपण्यापूर्वी मुभा पुन्हा काढून घ्यावी. ही शेवटची पायरी विसरता कामा नये, नाही तर मध्यरात्रीनंतर बॅकअप उद्याच्या वाट्यावर चालू राहील.

वजाबाकीत चित्रफितींची ॲपे वर आली तर उपाय निराळा आहे. तेथे वापर कोणी तरी पाहत असताना होतो, म्हणून मागचा डेटा बंद करून फारसे साधत नाही. चित्राची प्रत उतरवावी लागते. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये Video quality preferences आहे. त्यात मोबाइल नेटवर्कसाठी Data saver निवडता येते. ढोबळमानाने, तासभर चित्रफीत ४८० या प्रतीत पाहिली तर सुमारे अर्धा जीबी जातो आणि ७२० या प्रतीत त्याच्या दुप्पट किंवा अधिक. म्हणजे उच्च प्रतीतील एका तासाच्या कार्यक्रमाने दीड जीबीतील दोनतृतीयांश वाटा जाऊ शकतो. हाताएवढ्या पडद्यावर शिक्षकाचे व्याख्यान ऐकावयाचे असेल तर खालच्या प्रतीने काही बिघडत नाही. फळ्यावरील बारीक अक्षर वाचावयाचे असेल तेव्हा तेवढ्यापुरती प्रत वाढवावी.

व्हॉट्सॲपचा फरक मोठा आला, तर बहुधा कारण गटांतून येणाऱ्या चित्रफिती हे असते. Settings मधील Storage and data येथे When using mobile data असा पर्याय आहे. त्यातील छायाचित्रे, ध्वनी, चित्रफिती आणि दस्तऐवज या चारही खुणा काढल्या म्हणजे संदेश येतच राहतात. मात्र चित्रफीत ज्याला हवी त्याने बोट ठेवले तरच ती उतरते. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कामाचे परिपत्रकही मग बोट ठेवल्यावरच उतरेल, हे संबंधितांनी ध्यानात ठेवावे.

कोठे मर्यादा घालू नये

फोनमध्ये दोन सर्वसाधारण सोयी आहेत आणि त्या दोन्ही विचाराने वापराव्यात. पहिली आहे एकूण डेटाची सूचना आणि मर्यादा, म्हणजेच Data warning व Data limit. सूचना केवळ इशारा देते. मर्यादा गाठली गेली की मात्र फोन सर्वच मोबाइल डेटा बंद करतो. त्यात पैसे देण्याचे ॲपही आले आणि पीक पाहणीही आली. ही मर्यादा बहुतेक फोनमध्ये महिन्याच्या चक्रावर चालते. रोज दीड जीबीच्या योजनेत ती घालून फारसा लाभ नाही. कारण २८ दिवसांचे ४२ जीबी झाले तरी आजचा दीड जीबी दुपारीच संपल्याचे ती सांगू शकत नाही. ज्यांची योजना सबंध महिन्यासाठी एकच ठराविक डेटा देते, त्यांनी मात्र ती अवश्य वापरावी. समजा २५ जीबी मिळत असेल तर इशारा २० जीबीवर ठेवावा आणि चक्राची तारीख रिचार्जच्या तारखेशी जुळवून घ्यावी. २८ दिवसांच्या मुदतीत ही तारीख दर वेळी मागे सरकते, म्हणून रिचार्ज करताना ती बदलण्याची सवय ठेवावी. काही कंपन्यांच्या फोनमध्ये दिवसाच्या मर्यादेचीही सोय असते. ती असल्यास दीड जीबीच्या योजनेत १.२ जीबीवर इशारा ठेवणे योग्य होईल.

दुसरी सोय Data Saver ही आहे. ती चालू केली की बहुतेक ॲपांचा मागचा डेटा थांबतो. त्याबरोबर काही ॲपांना सूट देण्याची Unrestricted data अशी यादी असते. संदेशांचे ॲप त्या यादीत घालावे, अन्यथा मुख्याध्यापकांचा किंवा ग्रामपंचायतीचा संदेश फोन उघडेपर्यंत पोहोचणारच नाही. नुसत्या लिखित संदेशांना डेटा इतका अल्प लागतो की तो वाचवून काहीच मिळत नाही.

कोणतीही मर्यादा घातल्यानंतर आठवड्याभराने पुन्हा एकदा सकाळ-सायंकाळचे दोन स्क्रीनशॉट घ्यावेत. वरील घरातील आकड्यांत फोटोज आणि प्ले स्टोअर यांचा फरक शून्याजवळ आला असेल, तर बदल लागू पडला असे समजावे. तसे नसेल तर सेटिंग कोणी बदलले आहे किंवा ते चुकीच्या ठिकाणी केले गेले आहे. आणि त्या दोघांचा फरक शून्य होऊनही पाच वाजता डेटा संपत असेल, तर नव्या वजाबाकीत दुसरे नाव वर आलेले दिसेल. मग मुलाशी बोलावयाचे असल्यास खुशाल बोलावे. पण हाती दिवसाचा आकडा घेऊन. त्या बोलण्यातून इन्स्टाग्रामसाठी सायंकाळी सहानंतरची वेळ ठरली, तर सासऱ्यांची पीक पाहणी पाच वाजता होईल आणि मुलाचे पाहणेही राहणार नाही.